पस्तीसच्या अलीकडे आणि पलीकडे

मी घरच्या माणसांना आकडा सांगायला नको होता. आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणाऱ्या रिपोर्टवर फक्त पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह एवढंच छापलेलं असायचं. सीटी व्हॅल्यू आमच्या संगणकावर दिसायची आणि ती तिथेच राहावी, असं आम्हाला बजावलेलं होतं. पण पेशंट माझे भाऊजी होते. ताई पिंपळगाव राजाहून दिवसातून तीन-तीनदा फोन करायची. मी सांगून टाकलं, अठरा.

दुसऱ्या लाटेचे दिवस होते. भाऊजींची दोन्ही मूत्रपिंडं आधीच गेलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एरवी ते सकाळच्या गाडीने तालुक्याच्या गावी जाऊन खुर्चीवर बसायचे आणि दुपारी घरी येऊन भाकरी खायचे. कोरोना झाल्यावर त्या केंद्राचं दार बंद झालं. बाधितांसाठी वेगळं मशीन फक्त अकोल्याला होतं. तिथे इतकी गर्दी की आठवड्यातून दोनच पाळ्या मिळत, त्याही चारऐवजी अडीच तासांच्या. ताप तीन-चार दिवसांत गेला, पण अंगात पाणी साचू लागलं. पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. रात्री आडवं झालं की धाप. निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मग तुमची खुर्ची तुम्हाला, असं केंद्राचं म्हणणं होतं.

पंधराव्या दिवशी दुसरा स्वॅब झाला. तो गावातल्याच दवाखान्यात एका नवख्या मुलीने रांगेत घेतला होता. आमच्याकडे आल्यावर आकडा निघाला तेहेतीस. पस्तीसच्या आत म्हणून पॉझिटिव्हच.

ताईने फोनवर रडायलाच सुरुवात केली. "अठराचे तेहेतीस झाले बे! वाढूनच राह्यला ना तो!"

"ताई, हा आकडा उलटा असतो. जितका मोठा, तितका विषाणू कमी."

"मोठा आकडा म्हंजे कमी? असं काऊन?"

फोन भाऊजींनी घेतला. भाऊजींनी सारी हयात अडतीत मापं करण्यात घालवली होती, म्हणून मी त्यांच्या मापात सांगितलं. समजा एका शेतकऱ्याकडे एक पायली ज्वारी आहे, दुसऱ्याकडे आठ पायल्या. दोघांचीही रोज दुप्पट होते आणि कोठीवर एक रेघ मारली आहे. रेघेपर्यंत आधी कोण पोचेल? आठवाला, तीन दिवस आधी, कारण एकाचे आठ व्हायला तीनदा दुप्पट व्हावं लागतं. आमचं मशीन तेच करतं. विषाणूचा जो अंश नमुन्यात सापडतो, तो दर फेरीला जवळजवळ दुप्पट होतो. कितव्या फेरीत चमक त्या रेघेवर गेली, तो आकडा आम्ही लिहितो. मुळात जास्त असेल तर अठराव्या फेरीतच रेघ गाठते, कमी असेल तर तेहेतीसपर्यंत वाट पाहावी लागते.

"मंग पंधरा फेऱ्या मांगं पडला म्हंजे किती कमी?"

"पंधरा वेळा दोन गुणा. बत्तीस हजारांवर येतं. सुमारे तितके पट कमी."

भाऊजी म्हणाले, "अन् असं रोज दुप्पट होनारं बेनं हाये काय तुमच्यापाशी? दोन पायल्या देजा मले. डायलिसिसची गरजच नाही, दवाखानाच विकत घेतो."

हसलो दोघंही. पण बत्तीस हजार हा आकडा सांगितल्याचा मला फोन ठेवायच्या आधीच पस्तावा झाला होता. संगणकावर दुसरी एक ओळ होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती.

प्रत्येक नमुन्यात आम्ही विषाणूबरोबर माणसाच्या पेशींचाही एक जनुक मोजतो. काडी नाकात नीट फिरली का, हे त्यावरून कळतं. नीट फिरली तर पेशी भरपूर येतात आणि तो आकडा पंचविसाच्या आसपास असतो. भाऊजींचा तीस आला होता. म्हणजे पाच फेऱ्या उशीर, बत्तीस पट कमी पेशी. काडी नुसती नाकाच्या दाराशी लागून परत आली होती. तेहेतीसमधला काही हिस्सा आजार ओसरल्याचा होता आणि काही हिस्सा कच्च्या हाताचा.

एकोणिसाव्या दिवशी पुन्हा स्वॅब झाला आणि या वेळी एकतीस आला. मी उलटा आकडा म्हणजे काय ते शिकवून ठेवलं होतं, तेच आता माझ्या अंगावर आलं. ताई म्हणाली, "दोन फेऱ्या कमी. म्हंजे चार पट वाढला. तूच सांगितलं ना?"

हिशोब तिचा चुकला नव्हता. पण या वेळी पेशींचा आकडा पंचवीस होता. मागच्या खेपेस विषाणू पेशींच्या तीन फेऱ्या मागे होता, या खेपेस सहा. पेशींच्या मानाने पाहिलं तर तो आठ पट कमीच झाला होता. काडीवर माल जास्त आला म्हणून विषाणूही जास्त दिसला. हे ढोबळच असतं, नाकातल्या काडीला काही वजनकाटा नाही. पण वाढला म्हणायला जागा नव्हती. मी पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे भाऊ. तुह्या आकड्याईचा काही भरोसा नाही. कधी मोठा चांगला, कधी लहान चांगला."

आणि मग तिने ते काढलं, जे तिच्या मनात असावं असं मला वाटत होतं.

"तू सोता ये. तू घे त्याईचा सॅम्पल. हलक्या हातानं घे."

"म्हणजे?"

"मले सारं समजते. त्या पोरीनं हलकं घेतलं त तेहेतीस आला, दुसऱ्यानं जोरात घेतलं त एकतीस. आणखी हलकं घेतलं त निगेटिव्ह येते. येते का नाही, तेवढं सांग."

येतो. हे मला नाकारता आलं नाही. काडी नुसती हवेत फिरवली तर जगातला कोणीही निगेटिव्ह येईल. पेशींचा आकडाच उमटला नाही तर आम्ही नमुना परत मागवतो, पण पेशींचा तो आकडा तेहेतीस-चौतीसला आला तर मशीन हरकत घेत नाही. हे सगळं मीच तिला शिकवलं होतं.

"डायलिसिसच्या त्या खोलीत भाऊजींच्या बाजूला अजून चार जण बसतात, ताई. त्यांच्याही किडन्या गेलेल्या आहेत."

"अन् इथं माह्या घरात धाप लागून राह्यली, ते कोन पाह्यते?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून केंद्रावर गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम दमलेल्या होत्या, पण ऐकून घ्यायला तयार होत्या. मी कागदावर तिन्ही आकडे, त्यांच्या शेजारी पेशींचे आकडे आणि फरक मांडला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"तुमचं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता एक वाक्य लिहून सही करा. या माणसापासून इतरांना धोका नाही, एवढंच."

मी पेन हातात घेऊन बसलो. काडीवर विषाणूचा किती अंश होता, हे मला ढोबळ सांगता येत होतं. तो जिवंत होता की मेलेल्याचे तुकडे, हे सीटी सांगत नाही. मशीन दोन्ही सारखेच मोजतं. शिवाय हे दुबळ्या शरीराचं प्रकरण, अशा माणसात तो जास्त दिवस टिकतो म्हणतात.

"ते मला लिहिता येणार नाही," मी म्हणालो.

"मग मी कशी लिहू?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मला निगेटिव्ह लागतो. पस्तीसच्या पलीकडचा. तो आणा, मी त्याच दिवशी घेते."

त्यांचा राग येत नव्हता, आणि तेच जास्त त्रासाचं होतं.

तेविसाव्या दिवशी मीच पिंपळगावला जाऊन नमुना घेतला. भाऊजी खुर्चीत बसल्या बसल्या झोपत होते, कारण आडवं होता येत नव्हतं. ताई दारात उभी राहून माझ्या हाताकडे पाहत होती. मी काडी पुरती आत घातली, दोन्ही नाकपुड्यांत मोजून फिरवली, घशातून दुसरी घेतली. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताई काही न बोलता आत निघून गेली. मला चहा विचारला नाही.

आकडा आला चौतीस पूर्णांक सहा. पेशी पंचवीस. पॉझिटिव्ह.

तो रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने पुढे पाठवला. त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. बायको एकदा म्हणाली, पॉइंट चारच तर राहिले होते. मी तिच्यावरही ओरडलो. पॉइंट चार म्हणजे काय, हे मला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. इतक्या कमी मालात एकाच नळीतला नमुना मशीनवर दोनदा लावला तरी आकडा अर्ध्या फेरीने इकडेतिकडे होतो. मला तो दुसऱ्यांदा लावता आला असता. पण पॉझिटिव्ह आला म्हणून पुन्हा लावायचा आणि निगेटिव्ह आला की थांबायचं, हा हलका हातच झाला. इतर कोणाचा मी तसा लावत नव्हतो.

भाऊजींना त्या चार दिवसांत अकोल्याला एकच पाळी मिळाली. एकदा ऑक्सिजन लावावा लागला.

सत्ताविसाव्या दिवशी मी पुन्हा गेलो. तशीच काडी, तितकेच फेरे, तसंच डोळ्यांतून पाणी. आकडा पस्तीस पूर्णांक तीन, पेशी पंचवीस. निगेटिव्ह. चौतीस पूर्णांक सहा आणि पस्तीस पूर्णांक तीन यांत दीडपटीच्या आसपासचा फरक, आणि तोही खरा की मशीनचा, हे छातीठोक सांगता येत नाही. भाऊजी तेच होते, त्यांच्यापासूनचा धोकाही जवळपास तोच असणार. फक्त त्यांना आता आत घेत होते.

मॅडमनी शब्द पाळला. दुपारीच चार तासांची पाळी दिली. वजन सव्वातीन किलोने उतरलं. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा भाऊजी बाकावर पाय लांब करून बसले होते आणि केळं मागत होते. डायलिसिसवाल्याला केळं चालत नाही, म्हणून ताई डोळे वटारून नाही म्हणत होती. मला पाहताच उठून आली. माझा हात दोन्ही हातांत धरला.

"ऐकलं शेवटी बहिनीचं," ती हळूच म्हणाली. "किती हलका हात लावला रे! मॅडमले कळलं बी नाही."

"ताई, मी हलका घेतला नाही. दोन्ही वेळा सारखाच घेतला. पेशींचा आकडा पाहा, दोन्ही वेळा पंचवीस आहे." मी खिशातून कागद काढला.

"ठेव तो. ठेव म्हनलं ना." तिने इकडेतिकडे पाहिलं. "मी कोनाले सांगत नाही."

मी भाऊजींकडे पाहिलं. ज्वारीच्या पायल्या त्यांना कळल्या होत्या, निदान त्यांनी तरी काही म्हणावं असं वाटलं. ते मिशीत हसले आणि एक डोळा मिटला.

"खोलीतले बाकीचे चार जण ठीक आहेत ना?" मी विचारलं.

"हाव, ठीक हायेत," ताई म्हणाली. "त्याईचं काऊन इचारून राह्यला?"