दोन वर्षं मागे

मुलांना सूत्रं पाठ असत, पण वर्तमान मूल्य काढायचं की भविष्य मूल्य, इथे ती हमखास गडबडत. शेवटी फायनान्सच्या बाईंनी त्यांना वर्गात चालायलाच लावलं. आजची रक्कम देऊन नंतरची विचारली, तर वर्षाला एक पाऊल पुढे टाकून गुणायचं. नंतरची देऊन आजची विचारली, तर मागे येत भागायचं.

परीक्षेत प्रश्न आला: दोन वर्षांनी १२,१०० हवेत, चक्रवाढ दर दहा टक्के, तर आज किती गुंतवाल? अख्खा वर्ग उठला आणि उलटा चालू लागला.

"अरे, निघालात कुठे?" पर्यवेक्षक ओरडले.

"सर, दोन वर्षं मागे!"

सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं, दहा हजार. मग प्राचार्यांनी पुढची परीक्षा मैदानात ठेवली.