क्षेत्रफळ की परिमिती

पेडगावच्या शाळेत पाचवीला शिकवत होते तेव्हाची गोष्ट. केंद्र सरकारची निवासी शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि तिच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म आले होते. वर्गातल्या एका हुशार मुलीचा फॉर्म मी भरत होते. ‘परीक्षेची भाषा’ या रकान्यापाशी तिच्या वडिलांनी मला थांबवलं.

“बाई, इंग्रजी लिवा. सायबाची पोरं इंग्रजीतच लिवतेत.”

“तिला इंग्रजीची अजून अक्षरओळख चाललीय. गणित मराठीत शिकलीय, पेपर मराठीतच येऊ द्या. एकदा लिहिलेली भाषा नंतर बदलता येत नाही.”

मी रकान्यात ‘मराठी’ लिहिलं. त्यांना पटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी परभणीत विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाची कुजबुज होती. बस बंद होतील या धास्तीने ती, तिचे वडील आणि मी पहिल्याच गाडीने गेलो. पेपर सुटल्यावर आमच्या मुलीची पूर्णेच्या एका रेल्वेवाल्याच्या मुलीशी जुंपली. तिने हिंदीतून पेपर दिला होता.

“आयत बारा लांब, आठ रुंद. उत्तर चाळीस!” ती म्हणत होती.

“न्हाई, शहाण्णव!” आमची ओरडली. “क्षेत्रफळ इचारलंय!”

“परिमाप पूछा था.” म्हणजे आपली परिमिती.

दोघी खऱ्या होत्या, आणि आपापला आकडा पर्यायांत होता असं दोघी सांगत होत्या. म्हणजे अनुवादात चूक होती.

मी धावत केंद्रप्रमुखांकडे गेले. ते पेपर मोजून पाकिटात भरत होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोन भाषांचे उरलेले पेपर शेजारी ठेवले. हिंदीत ‘परिमाप’, मराठीत ‘क्षेत्रफळ’.

“मला काही ठरवता येणार नाही, बाई. मी फक्त अहवालात लिहून वर पाठवतो. ठरवणार परीक्षा घेणारेच.”

“आणि मूळ भाषेचंच, म्हणजे हिंदीचंच, खरं धरलं तर?”

“मग मराठीवाल्यांचा मार्क जाईल.”

परतीच्या बसमध्ये वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्या म्हनलोच हुतो.” एकेका मार्कावर निवड ठरणार होती आणि भाषा मी निवडली होती. पुढचे कित्येक आठवडे मला फळ्यावर आयत काढतानाही चैन नव्हती. परभणीला शिक्षकांची बैठक असली की मी आधी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत डोकावायचे. “अजून काही आलं नाही,” एवढंच कानावर पडायचं.

एकदा तिथल्या कारकुनाने स्वतःहून हाक मारली. “बाई, झालं. मराठीत जे छापलं, त्याचंच उत्तर मराठीला धरणार. शहाण्णव बरोबर. हिंदीला चाळीस.”

मी तिथल्याच बाकावर बसले.

निवड यादीत तिचं नाव आलं. त्या एका मार्काने आलं की त्याच्याशिवायही आलं असतं, ते कधी कळलं नाही. तिला नव्या शाळेत सोडायला निघताना, ट्रंक बसच्या टपावर चढवत वडील मला म्हणाले, “आता तिथं इंग्रजी शिकवतेत म्हनं. जमंल का हो तिला, बाई?”

“जमेल,” मी म्हणाले, पण बस वळणाआड जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.