उदाहरणातलं गोदाम

गणिताचा मास्तर निवृत्त झाला की शिकवण्या घेतो. मी भाषांतरं घेतली. लाखनीत घरी बसून इंग्रजीचं मराठी करायचं, मेलवर पाठवायचं. औषधांच्या खोक्यांतल्या माहितीच्या चिठ्ठ्या केल्या, पंपांच्या पुस्तिका केल्या. मग धानाच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीचं काम आलं: त्यांच्या एपीआयची माहितीपानं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे काय आणि कसं मागायचं याचे ठरलेले नियम. राइस मिलवाल्यांनी आपल्या काट्यावरच्या नोंदी थेट कंपनीकडे धाडाव्यात म्हणून ही पानं मराठीत हवी होती.

सोबत सूचनांचा एक कागद होता. वाक्यांचं भाषांतर करा. कोडचे नमुने, पॅरामीटरची नावं आणि कमांड जशाच्या तशा ठेवा. मला हे पटलं. सूत्रातल्या अक्षरांचं कोणी मराठी करतं का? मी `godown_id` हे `godown_id` च ठेवलं आणि शेजारी लिहिलं, 'गोदामाचा ओळख क्रमांक'. `curl` ने सुरू होणाऱ्या कमांडमधलं एक टिंबही हलू दिलं नाही. या शिस्तीचा मला चांगलाच गर्व होता.

फक्त एका ठिकाणी माझी जुनी खोड वर आली. पस्तीस वर्षं वर्गात मी पाठ्यपुस्तकातली गावं बदलत आलो. पुस्तकातली मोटार मुंबईहून निघाली तर माझी साकोलीहून निघायची. पोरं लगेच मान वर करून ऐकायची. गणितात गाव बदललं तरी उत्तर बदलत नाही. नमुन्यातल्या शेतकऱ्याचं नाव परदेशी होतं, ते मी आपल्याकडचं केलं. कोणाचं काही बिघडलं नाही. मग पुढच्या नमुन्यात गोदामाचा क्रमांक `demo-01` असा दिसला. मी तिथे `lakhani-01` लिहिलं, तेही इंग्रजी अक्षरांत, म्हणजे नियम पाळल्यासारखं. पॅरामीटरचं नाव कुठे बदललं होतं? बदलली होती ती त्या नावापुढे भरलेली किंमत, आणि ती माझ्या लेखी नुसतं उदाहरण होती.

कंपनीच्या नागपूरच्या तपासनिसाने पानं वाचली, कमांड काही चालवून बघितल्या नाहीत. 'छान स्थानिक झालंय,' असं त्याने कळवलं. मी ते बायकोला वाचूनही दाखवलं.

दोन महिन्यांनी त्याचाच फोन आला. आंधळगावच्या एका मिलमध्ये जोडणी अडली आहे, तुम्ही त्याच जिल्ह्यातले, पानं वाचताना लोक कुठे अडखळतात ते बघून याल का? भंडाऱ्यात बस बदलून मी गेलो. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेलो होतो.

मिलच्या काट्याशेजारच्या खोलीत पस्तिशीतली एक बाई संगणकावर होती. नऊ वर्षं ती काट्यावरच्या पावत्या लिहीत होती. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकली आणि मालकाच्या मागे लागून हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. खिडकीच्या गजांवर कोंड्याचा थर होता, पण संगणकावर मात्र धुतलेला रुमाल टाकायची पद्धत होती. मी भाषांतर करणारा आहे हे तिला सांगितलं नाही. कंपनीकडून आलोय, एवढंच म्हणालो.

"शनिवारलोग चालू नाही झालं तर मालक नागपूरच्या मानसाले काम देऊन राहिले," ती म्हणाली. त्या दिवशी गुरुवार होता.

तिने सगळं सांगितलं. इंग्रजी वाचायला जड जातं, म्हणून तिने मराठी पानंच धरली होती. खरी नोंद पाठवण्याआधी कंपनीच्या चाचणीच्या सर्व्हरवर नमुना चालवून बघायचा असतो. तिने मराठी पानावरची कमांड जशीच्या तशी उचलून चालवली. उत्तर आलं `GODOWN_NOT_FOUND`. पानावर त्याचा अर्थ होता, 'असे गोदाम नोंदलेले नाही. आपली नोंदणी तपासा.' हे वाक्य माझंच. मग तिने आपल्या मिलचा क्रमांक घालून पाहिला, तरी तेच. चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या मिल नसतातच, हे तिला कोण सांगणार? तिने मालकाला सांगितलं की आपली नोंदणीच झालेली नाही. मालक तडक भंडाऱ्याला, कंपनीच्या माणसाकडे जाऊन भांडले. त्याने पडद्यावर नोंदणी दाखवली. मालक चारचौघांत तोंडघशी पडले आणि परत येऊन सगळा राग हिच्यावर काढला.

"तवापासून माझाच प्रोग्राम चुकला म्हनून मी तीनदा नवा लिवला, सर. मले येतच नसन, असंच वाटून राहिलं."

मी पान बघितलं. `lakhani-01` समोर होतं. माझ्या थैलीत इंग्रजी पानांची छापील प्रत होती, ती काढली. तिथे `demo-01`. चाचणीच्या सर्व्हरवर तेवढं एकच गोदाम होतं, कंपनीने नमुन्यासाठी ठेवलेलं. लाखनीचं गोदाम जगात कुठेच नव्हतं, फक्त माझ्या हौसेत होतं.

मी तिला क्रमांक बदलायला सांगितलं. तिने बदलला, एंटर दाबलं. पडद्यावर साठ्याची नोंद आली. मग तिने आपला पहिला प्रोग्राम शोधून काढला, तीन दिवसांपूर्वी टाकून दिलेला. त्यात तोच एक क्रमांक बदलून चालवला. तोही बरोबर चालला. मी मराठी पानावरच्या `lakhani-01` वर बोट ठेवलं.

"हे मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "मराठी माझं आहे. चूक माझी."

मालक आले तेव्हा त्यांच्यापुढेही मी तेच बोललो, दोन्ही पानं शेजारी ठेवून. त्यांनी पानांकडे पाहिलंही नाही.

"कायले आपल्या अंगावर घेऊन राहिले, सर? बाईमानूस हाय म्हनून वाचवून राहिले का?" ते म्हणाले. "त्या पानावर तुमचं नाव तं कुटीच नाही."

नव्हतंच. अशा पानांवर भाषांतर करणाऱ्याचं नाव नसतं. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यांनी विचारलं, आता चालून राहिलं का? ती म्हणाली, चालते. मग झालं, म्हणून ते धानाच्या ट्रककडे निघून गेले. काम तिच्याकडे राहिलं. तिचं म्हणणं तीन दिवस चुकीचं का ठरलं, ते मात्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. मला फार लाज वाटली.

मी आत्ताच नागपूरला फोन करून पान दुरुस्त करवतो, असं तिला सांगितलं. तिने मान डोलावली.

"इंग्रजी पानाचा पत्ता द्या, सर."

"तुम्हाला इंग्रजी वाचायला जड जातं म्हणालात ना?"

"जड जाते. मराठी कसं, भराभरा समजते. राग नोका मानू, पन आता वाचतानी मले कळत नाही, याच्यात कंपनीचं कोनतं आन तुमचं कोनतं."

मी पत्ता लिहून दिला. तिने मराठी पान बंद केलं, इंग्रजी उघडलं आणि पडद्यावर बोट ठेवून, एकेक शब्द तोंडातल्या तोंडात जुळवत, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.