साडेसतरा फेऱ्या

सदर भागातल्या पोहण्याच्या जुन्या तलावाच्या भिंतीवर नुसतं ‘२५’ रंगवलेलं आहे. पंचवीस काय, ते कुणी लिहिलं नाही. आम्ही मीटर धरून चाललो, कारण आमच्या आयुष्यात दुसरं माप कुठे होतं?

माझी धाकटी बहीण तिथे चार महिने सराव करत होती. मुलींच्या एका निवासी शाळेत पोहणं शिकवायची जागा निघाली होती आणि तिची वयाची मर्यादा यंदा संपत होती. चाचणी सोपी दिसत होती: पन्नास मीटरच्या तलावात चारशे मीटर, आठ मिनिटांच्या आत. म्हणजे दर शंभर मीटरला दोन मिनिटं. ती आमच्या तलावात सोळा फेऱ्या मारायची, मी काठावर घड्याळ धरायचो. वेळ यायची सात मिनिटं पंचेचाळीस सेकंद. आम्ही खूश होतो. आई तर शेजारणींना सांगूनही बसली होती.

चाचणी तीन दिवसांवर असताना, रोज सकाळी डुंबायला येणारे एक निवृत्त सुभेदार सहज म्हणाले, “बेटा, ये पच्चीस मीटर नहीं, पच्चीस गज है. अंग्रेज़ों के टाइम का है.”

मी डिफेन्स फॅक्टरीत मापं तपासायच्या खात्यात काम करतो. गज म्हणजे यार्ड, मीटरपेक्षा आखूड. दुसऱ्या दिवशी घरची लांब टेप आणली. बहिणीने एक टोक भिंतीला लावून धरलं. बावीस मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. तिने काठावर बसूनच ओल्या बोटांनी मोबाइलवर हिशेब सुरू केला.

“सोळा फेऱ्या म्हणजे चारशे यार्ड, मग शंभर यार्डाला एक मिनिट छप्पन्न सेकंद लागतात ना? एका यार्डात पॉइंट नऊ एक चार चार मीटर. गुणलं की झालं.” तिने गुणलं. “एक मिनिट सेहेचाळीस! दादा, मी तर अजून फास्ट आहे.”

ती हसली. चार महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिने गुणलं होतं आणि भागायला हवं होतं. शंभर मीटर शंभर यार्डांपेक्षा लांब, मग वेळ कमी कसा होईल? खरा आकडा दोन मिनिटं सात सेकंद येत होता. गप्प बसावं असं मला फार वाटलं. देवा शप्पथ, फार वाटलं.

“उलट केलंस तू,” मी म्हणालो.

“काहून?”

“सोळा फेऱ्या म्हणजे तीनशे सहासष्ट मीटरही होत नाहीत. चारशेला साडेसतरा लागतात.”

मोबाइल माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “चल, साडेसतराला घड्याळ लाव.”

अर्धी फेरी तलावाच्या मधोमध संपते. तिथे हात लावायला भिंत नाही. म्हणून टेपने मधला बिंदू काढून मी काठावर खडूने रेघ मारली आणि तिथेच उभा राहिलो. ती पोहली, जीव तोडून पोहली. सोळावी फेरी संपवून ती सतराव्या फेरीला वळली आणि माझ्या रेघेसमोर आली, तेव्हाच घड्याळात आठ मिनिटं झाली. अजून तिला पलीकडची भिंत गाठून याच रेघेपाशी परत यायचं होतं. तेवीस मीटर. मी तिथे उभा राहून ती लांब जाताना बघत होतो आणि मला काहीच करता येत नव्हतं.

ती परत आली. काठाला धरून धापा टाकत होती.

“किती?”

“आठ अठ्ठावीस.”

“तिथे पन्नास मीटरचा तलाव, वळणंही कमी. भिंतीला इतक्यांदा पाय मारायला मिळणार नाही. अजूनच जास्त लागेल.”

“हो.”

“दोन दिवसांत अठ्ठावीस सेकंद निघतात का रे?”

तिला माझ्याहून जास्त कळत होतं. सुभेदार पलीकडे टॉवेलने डोकं पुसत होते, त्यांनी नजर वळवली. मला त्यांचा उगाच राग आला.

“दादा, तू सांगितलं नसतं तर?”

“तिथे कळलं असतं.”

“तिथे कळलंच असतं,” ती म्हणाली. “पण दोन रात्री तरी झोपले असते मी.”

मग तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला घड्याळ शून्यावर आणायला सांगितलं.