विषय : लॅबचं काम सोडण्याबाबत

राजीनामा लिहायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये मी लॅब असिस्टंट होते. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याचा रंग जुळवायचा, त्याची रेसिपी काढायची, पार्टीने तुकडा पास केला की रेसिपी खाली मशीनवर पाठवायची, हे माझं काम. त्या शनिवारी मरून रंगाचा एक अख्खा लॉट मशीनमधून तपकिरी होऊन निघाला. माझ्या रेसिपीतला एक रंग स्टोअरमध्ये नव्हता, म्हणून डाईंग मास्टरने परस्पर दुसरा टाकला होता. खाली सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण मास्टर तावातावाने लॅबमध्ये आला आणि ऑपरेटर, हेल्पर, मॅनेजर, पार्टीचा माणूस सगळ्यांच्या देखत माझ्यावर ओरडला, “रंग दिसता नहीं तो घर पे रोटी बनाओ!”

मला रंग दिसतो. रागही येतो. समोर पडलेल्या, रंगाचे नमुने लावलेल्या एका जुन्या शेडकार्डाच्या पाठीवर मी लिहिलं : ‘रोजचा अपमान सहन होत नाही. मला इथे काम करायचं नाही. ज्याला रंग दिसतो त्याला ठेवा.’ खाली सही ठोकली. आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, कारण शौर्य गाजवलं की ते घरी कळायला हवं. मग ती चिठ्ठी मॅनेजरच्या टेबलावर आपटली आणि कुणाकडेही न बघता निघाले. शेअर रिक्षात बसून डिंडोलीला घरी येईपर्यंत माझी मान ताठ होती.

आमच्या त्या मिलमध्ये राजीनामा कुणी देतच नसे. माणूस एक दिवस यायचा बंद होतो आणि बाकीचे म्हणतात, “भाग गया.” गावाला गेला असो, आजारी असो, शेजारच्या मिलमध्ये जास्त पगारावर लागलेला असो, सगळ्यांना एकच शब्द. मी तर चिठ्ठी देऊन आले होते, म्हणजे माझी तऱ्हा वेगळी, असं मला वाटत होतं.

बुधवारी फोल्डिंग खात्यातल्या मैत्रिणीचा फोन आला. सोमवारी मास्टरने आणखी एक लॉट बिघडवला होता, आणि मॅनेजर येईल त्याला माझी चिठ्ठी दाखवत सांगत होता, की लॅबवाल्या बाईने दोन लॉट खराब केले आणि मंगळवारी चिठ्ठी टाकून पळाली. चिठ्ठीवर तारीख नव्हती. हजेरी ऑफिसातच लिहितात, तिथे माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते मला कुठून कळणार?

लॉटचं दुःख नव्हतं. पण या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. नव्या मिलचा लॅबप्रमुख आधी जुन्या मिलला फोन लावतो, मग चहा पाजतो. दुसऱ्या एका मिलमध्ये मी बोलणी करून ठेवली होती, तिथल्या लॅबप्रमुख बाईंनी येत्या सोमवारी बोलावलं होतं. ‘दोन लॉट बिघडवून पळालेली’ हा शिक्का बसला तर सुरतेत कुणी माझ्या हातात रंगाची बाटलीसुद्धा देणार नव्हतं. मी काही शिवणक्लास काढणारी बाई नाही. मला हेच काम येतं आणि हेच आवडतं.

धाकट्या भावाची बायको डिंडोलीतच एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात बसते. दिवसभर लोकांचे अर्ज, भाडेकरार, शाळेची पत्रं टाइप करते. मी तशीच उठून तिच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिने मोबाइलवर माझ्या चिठ्ठीचा फोटो मोठा करून वाचला आणि आमच्या अहिराणीत विचारलं,

“ताई, हाई कोनले लिखेल शे?”

“मॅनेजरले. आजून कोनले?”

“त्याचं नाव नही, हुद्दा नही. विषय नही. तारीख कोठे शे?” तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. “हाई राजीनामा नही, ताई. हाई भांडण शे.”

मला राग आला. पण खरं होतं ते. मी म्हटलं, आता असं पत्र लिही की वाचून त्या मास्टरला घाम फुटला पाहिजे. आणि सांगायला लागले. मास्टर काय काय बोलला, मॅनेजर कसा गप्प बसला, पार्टीचा माणूस कसा हसला. ती टाइप करत नव्हती. हात मांडीवर ठेवून ऐकत होती. माझा दम संपल्यावर तिने विचारलं, यातलं त्यांना काय नाकारता येणार नाही?

मी मनात एकेक गोष्ट तपासली. मास्टर म्हणेल मी असं बोललोच नाही. मॅनेजर म्हणेल मी तिथे नव्हतो. उरलं काय? मी शनिवारी चिठ्ठी दिली, आणि त्यानंतर मिलमध्ये पाऊल टाकलं नाही.

“मंग तेच लिखू,” ती म्हणाली.

पत्र गुजरातीत करायचं ठरलं, कारण ऑफिसात तेच वाचतात. मी म्हटलं, वर शनिवारची तारीख टाक. तिने मान हलवली. आज लिहितोय तर आजचीच तारीख. मागची तारीख टाकली तर खोटं आपण केलं असं होईल, आणि त्यांना तेवढंच हवंय. शनिवार पत्राच्या आत येईल. मी थोडी कुरकुर केली. आपली बाजू खरी असताना आपणच सरळ वागायचं, याचा मला नेहमीच वैताग येतो.

मराठीत सांगायचं तर ते पत्र असं झालं. वर दिनांक. मग माझा पत्ता, मग प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : लॅब असिस्टंट या पदाचा राजीनामा देण्याबाबत. संदर्भ : शनिवारी मी आपल्या टेबलावर ठेवलेली, तारीख नसलेली हस्तलिखित चिठ्ठी. पुढे चारच वाक्यं. सदर चिठ्ठीने मी पदाचा राजीनामा दिला आहे, तो या पत्राने रीतसर सादर करीत आहे. शनिवारी चिठ्ठी दिल्यानंतर मी कामावर नाही, त्यामुळे त्यानंतर मशीनवर चढलेल्या कोणत्याही लॉटशी माझा संबंध नाही. मला नेमणूकपत्र मिळालेलं नसल्याने नोटिशीची मुदत लेखी कळवलेली नाही, तरी चार्ज देण्यासाठी आपण सांगाल तेव्हा हजर राहण्यास मी तयार आहे. राजीनामा स्वीकारून कार्यमुक्तीचे पत्र द्यावे, ही विनंती.

त्या तिसऱ्या वाक्यावर मी अडले. पुन्हा त्या मिलमध्ये जायचं? ज्या लॅबमध्ये माझी शोभा झाली, तिथे जाऊन चाव्या मोजून द्यायच्या? भावजय म्हणाली, पळालेली बाई चार्ज द्यायला परत येत नाही. मग मी म्हटलं, येते. येऊन दाखवते.

खाली ‘सोबत’ असं लिहून तीन गोष्टी. एक, मूळ ओळखपत्र. दोन, चार्जची यादी : कपाटाच्या चाव्या, वजनकाटा, पास झालेल्या शेडच्या फायली. माझी मूळ रेसिपी जिच्यात होती ती मरूनची फाइल मी त्यात मुद्दाम नाव घालून लिहिली, म्हणजे उद्या ती हरवायला नको. रेसिपीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तो लावायचा मोह झाला. पण रेसिपी मिलची असते. ती बाहेर काढली तर चोर मी ठरले असते. तीन, चिठ्ठीच्या फोटोची प्रिंट, घरच्या ग्रुपवर पाठवलेली, शनिवारची तारीख दिसेल अशी. त्या फोटोखाली भावाने अंगठा आणि आईने हात जोडलेले पाठवले होते. तेही प्रिंटमध्ये आलं. भावजय हसायला लागली, मीही हसले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

तिने दोन प्रती काढल्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर ‘मिळाले’ असं लिहून सही, शिक्का आणि तारीख घ्यायची. नाहीच घेतलं तर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. सही करण्याआधी मी पत्र दोनदा वाचलं. शेडकार्ड एकदाही वाचलं नव्हतं. भांडायला हिंमत लागत नाही, ती शांतपणे लिहायला लागते, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर उभी राहिले. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बेन, चिठ्ठी तो मिल गई थी. आ पाछुं शुं लाव्या?” हे आणखी काय आणलंत, असं त्याला म्हणायचं होतं.

“वो चिठ्ठी थी, साहेब. ये राजीनामा है.”

तो वाचत गेला आणि दुसऱ्या वाक्याशी थांबला. मग ‘सोबत’पाशी. प्रिंट उलटी केली, सुलटी केली. उठून दार लावलं आणि एकदम गोड झाला. म्हणाला, ही लॉटची लाइन काढून टाका. तो फोटोही राहू द्या. बाकी पत्रावर आत्ता सही करतो, आणि उद्या असं सर्टिफिकेट देतो की कुठलीही मिल डोळे मिटून घेईल. “मेहनती, ईमानदार, एक्सपर्ट. जे कहो वो लिख देता हूँ.”

खोटं कशाला सांगू, मन डगमगलं. मी खरंच मेहनती होते. प्रामाणिकही होते. माझ्याबद्दल खरं लिहायला तो तयार होता, फक्त त्याच्याबद्दलचं खरं मी पुसायचं होतं. ती लाइन गेली की सोमवारचा लॉट माझ्या नावावर कायमचा बसला असता, आणि वर ‘एक्सपर्ट’ म्हणून हार.

“लाइन रहेगी,” मी म्हटलं. “फोटो भी रहेगा. साइन नहीं करना हो तो बोलो, मैं पोस्ट में डालती हूँ. चार्ज किसको देना है?”

त्याने उठून दार पुन्हा उघडलं. मग माझ्या प्रतीवर शिक्का मारला, ‘मिळाले’ लिहिलं, सही केली, तारीख टाकली. सर्टिफिकेटचं नाव पुन्हा काढलं नाही. मी लॅबमध्ये जाऊन यादीप्रमाणे एकेक वस्तू दिली. मास्टर दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडूनच मरूनच्या फाइलपुढे सही घेतली. त्याला ती करावी लागली, कारण लॅबमध्ये दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

सोमवारी नव्या मिलच्या लॅबप्रमुख बाईंनी माझ्यासमोरच जुन्या मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. मी सही-शिक्क्याची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली होती. बाईंनी विचारलं, या तुमच्याकडून कशा गेल्या? पलीकडून मशीनची घरघर ऐकू येत होती.

“राजीनामो आप्यो छे,” तो म्हणाला. “चार्ज पण आप्यो छे.” म्हणजे राजीनामाही दिलाय, चार्जही.

बाईंनी विचारलं, काम कसं होतं? त्याने फोन ठेवून दिला. बाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. मी म्हटलं, कामाचं त्यांना कशाला विचारता? तुकडा द्या. त्यांनी ड्रॉवरमधून एक मोरपंखी तुकडा काढून माझ्यापुढे टाकला आणि मी बाह्या वर सारल्या.