तीन ओळी

दर सोमवारी सकाळी सर मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवत. वेबसाइटवर आठवडाभरात कोण आलं, कुठून आलं, काय वाचलं, हे दाखवणाऱ्या डॅशबोर्डचा. त्याचं लॉगिन त्यांच्याकडे. मी फक्त चित्र बघायचं आणि टीमच्या मेलसाठी तीन ओळी लिहायच्या: काय वाढलं, काय घटलं, काय जैसे थे. कारणं लिहायची नाहीत. "कारणं कोणी वाचत नाही गं," सर म्हणत.

आमचं ऑफिस बेलापूरला. कंपनी घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीची. मिक्सर फिरत नसेल तर आधी काय बघावं, फिल्टरचं पाणी गळत असेल तर कुठली चावी बंद करावी, अशी मराठी पानं मी लिहायची. नोकरी कंत्राटी. मराठी पानं वाचली जातायत असं दिसलं तर कंत्राट पुढे, नाहीतर राम राम. म्हणजे ज्या आलेखावर माझं पोट, त्याचा सारांशही मीच लिहायचा.

त्या वर्षी आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि मराठी पानं जोरात वाढायला लागली. पहिले दोन सोमवार मी 'वाढ' लिहून खूश झाले. तिसऱ्या सोमवारी चित्र नीट बघितलं. सोमवार ते शुक्रवार रेघ वर, शनिवार-रविवारी झोपलेली. खरं तर लोकांचे मिक्सर रविवारीच बिघडतात. शहरांच्या यादीत नवी मुंबई सगळ्यांच्या वर. मी मान वळवली. शेजारच्या रांगेत ग्राहकांचे फोन घेणाऱ्या बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या स्क्रीनवर माझं पान उघडं होतं. त्या ते फोनवर वाचून दाखवत होत्या.

ऑफिसच्या इंटरनेटवरून उघडलेली पानं मोजू नयेत, अशी चाळणी डॅशबोर्डला लावलेली होती. नवीन मजल्यावर इंटरनेटची लाइन बदलली, तिचा पत्ता बदलला, आणि चाळणी जुन्याच पत्त्यावर राहिली. ती वाढ म्हणजे आम्हीच.

मी सरांना सांगितलं. मला झोप लागली नसती, म्हणून सांगितलं. थोर वगैरे काही नाही. त्यांनी चाळणी दुरुस्त करून घेतली. पण ती लावल्यापासून पुढचंच गाळते. आधी मोजलेलं तसंच राहतं. त्यामुळे पुढचा स्क्रीनशॉट आला तेव्हा मराठी पानं त्या फुगलेल्या आठवड्यासमोर धाडकन कोसळलेली दिसली. मी लिहिलं, "मराठी पाने: घट. आधीच्या आकड्यांत ऑफिसमधली मोजणी होती." सरांनी दुसरं वाक्य उडवून मेल पाठवला. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी एवढंच विचारलं, "मराठीचं काय करायचं मग?" आणि कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

मला रडू येत होतं आणि रागही. खरं बोलून हे मिळालं होतं. फोन घेणाऱ्यांतली, जवळच्या दिवाळे गावातली ताई पाण्याच्या कूलरपाशी मला गाठून म्हणाली, "त्वांड कशाला पारलंस?" मी सगळं सांगितलं.

"मंग आमी मोबाईलवर उघरू तुजी पानं. ते नेट आमचं सोताचं हाय, हापिसाचं नाय."

"ताई, नको. ते खोटंच होईल."

"खोटं कसं? आमी वाचतोच ना रोज."

तिने मला विचारलं नव्हतंच, सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या रांगेत मोबाईल मॉनिटरला टेकून उभे होते. मला बघून दोघीतिघी हसल्या. एकीने डब्यातली सुकट चटणी माझ्यापुढे सरकवली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सरांना सांगितलं तर या बायकांना बोलणी बसणार, नाही सांगितलं तर मी त्यात सामील. आणि त्यांच्या मायेवर चिडावं तरी कसं? तरी मी चिडले. चटणी मात्र खाल्ली.

सोमवारी स्क्रीनशॉट आला. रेघ वर. शनिवार-रविवार सपाट. सरांचा मेसेज: "बघ, सावरलं! टाक तीन ओळी."

मी लिहिलं, "मराठी पाने: वाढ. बहुतेक वाचन आपल्याच मजल्यावरचे."

मेल आला. "मराठी पाने: वाढ." बस.

सरांच्या त्या कात्रीने आधी माझा घात केला होता, आता तिनेच मला वाचवलं, आणि मला जास्त राग या वेळी आला. कंत्राट वाढलं. ताईने पेढे मागितले, मी आणले. पेढा तोंडात टाकून तिने लगेच हेडफोन कानाला लावला आणि मोबाईलवर माझं पान उघडलं. पलीकडच्या माणसाला ती सांगत होती, आधी बटण बंद करा, मग जार काढा. शब्द माझेच होते. मी जागेवर जाऊन बसले. पुढचा सोमवार यायचा होता.