पडदेवालीचा तोटा

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे, त्यात दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट. एकतीस वर्षांत माझ्यासमोर लबाड माणसं पुष्कळ बसली. लबाडांशी माझं जमतं, कारण आपण काय करतोय हे त्यांना ठाऊक असतं. मला वीट येतो तो स्वतःला हुशार समजणाऱ्यांचा. पडदेवालीचा नवरा त्यातला होता.

पडदेवाली आली ती बँकेने परत पाठवलेली फाइल घेऊन. चाळिशीची, बारीक, बोटाला सुई टोचल्याच्या जुन्या खुणा. घराच्या मागच्या खोलीत ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. फोनवर फोटो टाकायचे, गिऱ्हाइकाने मापं कळवायची, माल कुरियरने जायचा. काम हाताबाहेर जायला लागलं म्हणून तिला दुसरं मशीन हवं होतं, कडा शिवायचं. साठ हजारांचं कर्ज मागितलं होतं.

"साहेब म्हणाले, धंदा तोट्यात आहे, कर्ज कशाच्या जोरावर देऊ," ती म्हणाली. "आणि म्हणाले, हिशेब आधी कोणाकडून तरी नीट बघून घ्या."

फाइलमध्ये वर्षाचा हिशेब होता. सुंदर अक्षर, पट्टीने मारलेल्या रेघा, एकूण रकमेखाली दोनदा लाल शाई. कापड, अस्तर, कड्या, दोरा, कुरियर हे सगळं वजा जाता बासष्ट हजार उरत होते. त्याखाली वीज चोपन्न हजार, फोन आणि इंटरनेट एकवीस हजार सहाशे. सगळ्यात शेवटी तोटा, तेरा हजार सहाशे.

"हे कोणी लिहिलं?"

"यांनी. यांना अकाउंट्समधलं कळतं. ऑफिसात स्टोअरला असतात."

"चोपन्न हजारांची वीज? पडदे शिवता की लोखंड वितळवता?"

ती हसली नाही. तीन वर्षांपूर्वी नवरा म्हणाला होता, तुझं मशीन दिवसभर फिरतं, बिल तूच भरत जा. तेव्हापासून घराचं अख्खं बिल धंद्याच्या खात्यातून आपोआप कापलं जात होतं. पुढे फोनचंही तसंच झालं. तिघांचे तीन नंबर, तिचा, नवऱ्याचा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा. शिवाय घरचं इंटरनेट. कुणाला वेगळं बिल नको म्हणून सगळं एकत्र, आणि एकत्र म्हणजे तिच्या खात्यातून.

"एसी आहे घरात?"

"आमच्या खोलीत आहे. यांना उकडतं."

मला त्या माणसाचा राग यायला एवढं पुरेसं होतं. खरं सांगायचं तर तिचाही आला. तीन वर्षं ही बाई पै-पै जोडत होती आणि आपलाच धंदा बुडीत आहे असं मान खाली घालून ऐकून घेत होती. पाहुण्यांसमोर नवरा म्हणायचा, "आमच्याकडे एक हौसेचा धंदा आहे, तो पोसावा लागतो." हे तिने मला सांगितलं तेही नवऱ्याची बाजू घेतल्यासारखं.

मी तिला समजावलं. बिलातला जो भाग शिवणकामासाठी वापरला, तेवढाच धंद्याचा खर्च. उरलेला भाग घराचा. तो धंद्याच्या खात्यातून भरला असेल, तर मालकिणीने स्वतःसाठी पैसे काढले असं धरायचं. त्याला उचल म्हणतात. उचल नफ्यातून वजा होत नाही, भांडवलातून होते.

"पण पैसे तर गेलेच ना?"

"गेले. पण धंद्याने खाल्ले की घराने, हे बँकेला कळायला हवं. तुम्हालाही."

कुठला भाग कोणाचा हे अंदाजपंचे ठरवायचं नव्हतं. मी तिला विजेच्या दुकानातून प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणायला सांगितलं. मशीन आणि इस्त्री त्यावर चालवायची, रोजचे युनिट वहीत लिहायचे, खोलीतला दिवा आणि पंखा किती तास चालला तेही टिपायचं. फोनचं सोपं होतं. महिनाभराचे कॉल बघायचे, गिऱ्हाइकांचे किती आणि मावशी-आत्याचे किती.

महिन्याने ती वही घेऊन आली. मशीन आणि इस्त्री मिळून बहात्तर युनिट, दिवा-पंखा बारा. घराचं त्या महिन्याचं बिल चारशे ऐंशी युनिटांचं.

"रविवारची पानं कोरी का?"

"रविवारी यांचे शर्ट इस्त्री करते. तेव्हा मीटर काढून ठेवलं. ते धंद्याचं नाही ना."

सहा शर्टांचा हिशेब तिने नवऱ्याच्या बाजूने नाही, खरेपणाच्या बाजूने ठेवला होता. तिच्याबद्दलचा माझा राग तिथेच गेला.

चौऱ्याऐंशी भागिले चारशे ऐंशी, म्हणजे साडेसतरा टक्के. मागच्या वर्षाची बिलं आणि ऑर्डरची वही ताडून बघितली, वर्षाची सरासरीही तीच येत होती. चोपन्न हजारांपैकी धंद्याची वीज नऊ हजार चारशे पन्नास. तिच्या नंबरावरचे चारातले तीन कॉल गिऱ्हाइकांचे, म्हणून त्या नंबराच्या महिन्याच्या चारशे रुपयांतले तीनशे धंद्याचे. नवऱ्याचा आणि मुलीचा नंबर पूर्ण घरचा. इंटरनेटवर ती फोटो चढवायची, बाकी वेळ घरात मॅच आणि सिनेमे. सहाशेतले शंभर धरले. महिन्याला चारशे, वर्षाला चार हजार आठशे.

"शंभरही कशाला," ती हळूच म्हणाली. "नाही लिहिले तर नफा वाढेल ना? बँकेला बरं दिसेल."

"त्यांनी एका बाजूला खोटं लिहिलं, आपण दुसऱ्या बाजूला लिहायचं नाही."

धंद्याचा खर्च एकूण चौदा हजार दोनशे पन्नास निघाला. उचल एकसष्ट हजार तीनशे पन्नास. तोटा गेला आणि त्या जागी नफा आला, सत्तेचाळीस हजार सातशे पन्नास. तिने तो आकडा तीनदा वाचला. मग विचारलं, "म्हणजे घराची वीज मी भरत होते?"

"वीज, एसी, मॅच, सगळं."

दोन दिवसांनी नवरा जिना चढून आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात ती लाल शाईची वही. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने रुमालाने ती पुसली.

"मॅडम, तुम्ही बायकोच्या डोक्यात काहीतरी भरवलंय. मी या लाइनमधला माणूस आहे. खर्च जास्त दाखवला की टॅक्स वाचतो, हे साधं गणित आहे."

"तिला टॅक्स लागतो का?"

"लागत नाही. पण लागला असता तर?"

"आणि घरचा खर्च धंद्यात दाखवला आणि कोणी विचारलं, याला आधार काय, तर काय सांगणार होता?"

त्याने खिशातली पेनं सरळ केली आणि म्हणाला, "गिऱ्हाइकं येतात. त्यांना गारवा नको?"

"तिची गिऱ्हाइकं फोनवर येतात. तुमच्या बेडरूममध्ये कुणी येतं का?"

हे ऐकून तो लाजेल असं मला वाटलं होतं. लाजायलाही थोडी अक्कल लागते. त्याने वही उघडून मला रेघा दाखवल्या, किती सरळ मारल्यात त्या. वर म्हणाला, त्याच्या ऑफिसात असा हिशेब कोणालाच जमत नाही. हे मात्र खरं असावं. मी त्याला चहाही विचारला नाही. त्याचा पगार कुठे जातो हे मला तिच्याकडून आधीच कळलं होतं. गाडीचा हप्ता, आणि त्या गाडीला पॉलिश. गाडी ऑफिसला न्यायची नाही, धूळ बसते.

बँकेत मी तिच्याबरोबर गेले. लहान कर्जांचं टेबल कोपऱ्यात होतं. साहेब तरुण होते, पण कागद वाचणारे होते. मीटरची वही त्यांनी पानापानाने बघितली, बिलांशी ताडली, कोरे रविवार पाहून तिच्याकडे बघितलं. तिने शर्टांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"धंदा कमावतोय, हे पटलं," ते म्हणाले. "पण बाई, नफा सत्तेचाळीस आणि उचल एकसष्ट. जितकं कमावता त्याहून जास्त घर खातंय. भांडवल तेरा हजारांनी खाली आलंच आहे. असंच चाललं तर माझा हप्ता कुठून येणार?"

मी हे तिला सांगितलं होतं, पण ते परक्याच्या तोंडून ऐकायची गरज असावी. ती बराच वेळ फाइलच्या दोरीशी खेळत राहिली.

"घराचा भाग धंद्याच्या खात्यातून जाणार नाही असं लेखी द्याल?"

"देते," ती म्हणाली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

तिने तिथेच सही केली. त्याच दिवशी दोन्ही बिलांची आपोआप होणारी कपात तिने थांबवली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "बिल तुमच्या खात्यातून भरा. माझे साडेसतरा टक्के आणि फोनचे चारशे मी दर महिन्याला तुम्हाला देईन. पावती मला द्यायची, मला ती हिशेबाला लागते."

तो आठवडाभर बोलला नाही. मग पहिलं बिल आलं आणि त्याला एकदम उकडेनासं झालं. एसीने म्हणे सांधे धरतात, हे त्याला कुठेतरी वाचायला मिळालं. मुलीला तो स्वस्तातला प्लॅन शोधायला लावू लागला आणि मागच्या खोलीत डोकावून पंखा विनाकारण चालू नाही ना हे बघू लागला. पडदेवाली हे मला सांगायची तेव्हा तिच्या आवाजात चीड नसायची. दारात आलेल्या सेल्समनबद्दल सांगावं तसं सांगायची.

कर्ज मिळालं. कडेचं मशीन आलं. ते इस्त्रीच्या शेजारी बसवलं आणि मीटर पुन्हा महिनाभर लावलं, कारण आता टक्का बदलणार होता. तो चोवीसवर गेला. नवऱ्याने लगेच चोवीस टक्के मागितले, पावतीवर सही करून. टक्केवारी त्याला आता तोंडपाठ होती.

मागच्या महिन्यात त्याने माझ्याकडे एक माणूस पाठवला, घरून बॅटरीचे दिवे विकणारा. त्या माणसाने खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं, "तुमचं नाव त्यांनी दिलं. त्यांनी बायकोचा धंदा शून्यातून उभा केला ना. बिलं कशी विभागायची, सगळं त्यांचंच डोकं."

मी त्याची फाइल उघडली आणि विचारलं, घरात एसी किती आहेत.

दुपारी पडदेवाली पावत्या द्यायला आली तेव्हा तिला हे सांगितलं. मला वाटलं, निदान आता तरी ती चिडेल. तिने पावत्या महिन्यांप्रमाणे लावल्या, टाचणी मारली आणि म्हणाली, "बोलू दे त्यांना. नव्या मशीनच्या झिजेचा घसारा खर्चात कसा धरायचा ते सांगा."